पासवर्ड रीसेट लिंक नव्याने बांधताना: कामाच्या नोंदी

४ मार्च

आमच्या सभासद पोर्टलवरची ‘पासवर्ड विसरलात?’ ही सोय नव्याने लिहायला घेतली आहे. निमित्त एकाच तक्रारीचं, पण ती बऱ्याच जणांकडून आली होती: मेल आत्ताच आला, लिंकवर पहिल्यांदाच क्लिक केलं, तरी ‘ही लिंक आधीच वापरली आहे’ असं दिसतं.

तक्रारी एकत्र लावून पाहिल्या तेव्हा लक्षात आलं की त्या सगळ्या ऑफिसच्या ईमेल पत्त्यांवरून आलेल्या आहेत. त्यातल्या एकीचा लॉग काढला:

```
10:42:07  POST /password/forgot             200
10:42:11  GET  /password/reset?token=9c41…  200
10:49:30  GET  /password/reset?token=9c41…  410
```

मेल गेल्यावर चार सेकंदांत कोणीतरी लिंक उघडली. सभासदाने ती सात मिनिटांनी उघडली. मधली ती पहिली विनंती एका डेटा सेंटरच्या आयपी पत्त्यावरून आली होती. ऑफिसच्या मेलसमोर बसलेला सुरक्षा स्कॅनर येणाऱ्या मेलमधली प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून बघतो, पलीकडे काही घातक नाही ना याची खात्री करतो आणि मगच मेल पुढे सोडतो. तो त्याचं काम चोख करत होता. आमचा कोड मात्र लिंक उघडली की टोकन वापरलं गेलं असं धरत होता, त्यामुळे सभासदाच्या हाती पडेपर्यंत टोकन खर्ची पडलेलं असायचं.

यावर ‘एकदाच वापर’ ही अट सैल करून दोनदा किंवा तीनदा वापर चालू द्यावा, अशी सूचना बैठकीत आली. ती मी घेतली नाही. स्कॅनर किती वेळा लिंक उघडेल याला काही नियम नाही. काही ठिकाणी मेल येताना एकदा आणि क्लिक करताना पुन्हा एकदा तपासणी होते. प्रश्न किती वेळा वापरलं हा नाहीच. कोणत्या क्षणी ‘वापरलं’ म्हणायचं, हे ठरवायचं आहे.

५ मार्च

जुना कोड पूर्ण वाचला. टोकन असं बनत होतं:

```python
token = hashlib.md5((email + str(int(time.time()))).encode()).hexdigest()
```

दिसायला बत्तीस अक्षरांचं लांबलचक टोकन, पण त्यात गुप्त असं काहीच नाही. ज्याला दुसऱ्याचं खातं हवं आहे, तो स्वतःच त्या ईमेलसाठी रीसेट मागतो. विनंती नेमकी कोणत्या सेकंदाला पोहोचली ते त्याला आमच्याच उत्तरातल्या `Date` या हेडरमधून कळतं. मागचे-पुढचे दोन-तीन सेकंद धरून हॅश काढले की त्यातलं एक खरं टोकन असतं. मेल बघायची गरजच पडत नाही. टेस्ट सर्व्हरवर एका छोट्या स्क्रिप्टने हे करून पाहिलं आणि दुसऱ्याच अंदाजाला खातं उघडलं. तो निकाल दाखवल्यावर हे काम पुढच्या तिमाहीत ढकलायची चर्चा थांबली.

नवीन टोकन:

```python
raw = secrets.token_urlsafe(32)
digest = hashlib.sha256(raw.encode()).hexdigest()
```

३२ बाइट म्हणजे २५६ बिट, तेही ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित यादृच्छिक स्रोतातून. लिंकमध्ये त्याची ४३ अक्षरं होतात. डेटाबेसमध्ये फक्त `digest` जातो. बॅकअप किंवा रिपोर्टिंगची प्रत कोणाच्या हाती लागली, तरी हॅशवरून चालू लिंक बनवता येत नाही. पासवर्डसाठी वापरतो तसा मुद्दाम संथ हॅश इथे का नाही, असं विचारलं गेलं. संथ हॅश लागतो कारण माणसाने निवडलेला पासवर्ड अंदाजाने सापडू शकतो. २५६ बिट यादृच्छिक मजकुरावर अंदाज चालत नाही, तिथे साधा एसएचए-२५६ पुरतो.

७ मार्च

आज मुख्य दुरुस्ती. लिंक उघडणं, म्हणजे `GET`, आता काहीही बदलत नाही. टोकन चालू आहे का एवढं बघून ते नवीन पासवर्डचा फॉर्म दाखवतं. टोकन खर्ची पडतं ते फॉर्म पाठवल्यावर, `POST` मध्ये. एचटीटीपीच्या व्याख्येतच `GET` ने सर्व्हरवर बदल घडवू नये असं आहे, आणि सगळे स्कॅनर याच भरवशावर लिंक उघडत फिरतात.

मधल्या पानावर जावास्क्रिप्टने आपोआप `POST` करून टोकन पक्कं करायचं, अशी एक कल्पना होती. ती सोडून दिली. काही स्कॅनर पान खऱ्या ब्राउझरमध्ये उघडतात, म्हणजे त्यावरची स्क्रिप्टही चालते आणि टोकन पुन्हा माणसाच्या आधी जातं. ‘पुढे जा’ असं वेगळं बटणही ठेवलं नाही. नवीन पासवर्ड टाइप करून पाठवणं हीच माणसाची कृती, आणि तेवढी पुरेशी आहे.

खर्ची टाकायची क्वेरी अशी:

```sql
UPDATE reset_tokens
   SET used_at = now()
 WHERE token_hash = $1
   AND used_at IS NULL
   AND expires_at > now()
RETURNING user_id;
```

जुन्या कोडमध्ये आधी `SELECT` करून टोकन चालू आहे का ते बघायचं, मग पासवर्ड बदलायचा, मग टोकनवर खूण करायची, असं होतं. दोन विनंत्या एकाच वेळी आल्या तर दोन्हींना टोकन चालूच दिसतं. वेगवेगळे पासवर्ड असलेल्या दोन `curl` एकदम सोडल्या तेव्हा जुन्या कोडने दोघींनाही ‘पासवर्ड बदलला’ असं सांगितलं. नवीन क्वेरीत तपासणी आणि खूण एकाच पावलात होते. पोस्टग्रेसमध्ये दुसरी विनंती पहिलीने धरलेल्या ओळीसाठी थांबते, कुलूप सुटल्यावर अट पुन्हा तपासते आणि तिला शून्य ओळी मिळतात. शून्य ओळी म्हणजे नकार. मुदत डेटाबेसच्याच घड्याळावर तपासायची हेही ठरवलं, कारण अॅप सर्व्हर स्थानिक वेळेत आणि डेटाबेस यूटीसीमध्ये असला की लिंक कधी जन्मतःच संपलेली, तर कधी तासन्‌तास जिवंत, असे प्रकार होतात.

८ मार्च

आमच्या टेस्टिंग करणाऱ्या सहकारी बाईंनी एक गोष्ट पकडली. नवीन पासवर्ड फार छोटा दिला तर ‘किमान १२ अक्षरं हवीत’ असा संदेश येतो. नीट पासवर्ड देऊन पुन्हा पाठवलं की ‘लिंक आधीच वापरली आहे’. क्वेरी आधी चालत होती आणि पासवर्डचे नियम नंतर. आता नियम आधी तपासतो, आणि टोकन खर्ची टाकणं व पासवर्ड बदलणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवलं आहे. मध्येच काही बिघडलं तर दोन्ही मागे फिरतात आणि सभासदाची लिंक शाबूत राहते.

११ मार्च

मुदत किती ठेवायची यावर आज बराच वेळ गेला. जुनी मुदत २४ तास होती. सुरक्षेच्या बाजूने १५ मिनिटांचा आग्रह होता.

आधी मुदत नेमकी कशासाठी, हे स्पष्ट करून घेतलं. टोकन अंदाजाने ओळखू नये म्हणून मुदत नसते, त्यासाठी २५६ बिट आहेत. मुदत आहे ती मेलमध्ये पडून राहिलेल्या लिंकसाठी: मेल पुढे कोणाला तरी पाठवला, सामायिक कॉम्प्युटरवर मेलबॉक्स उघडा राहिला, जुनी मेलबॉक्स नंतर कोणाच्या तरी हाती लागली. विनंती करून सभासदाने लिंक वापरलीच नाही, तर ‘एकदाच वापर’ ही अट काहीच संरक्षण देत नाही, कारण तो एक वापर अजून शिल्लक असतो. तिथे मुदतच कामी येते.

मग १५ मिनिटं का नाहीत? कारण मेल लगेच पोहोचतोच असं नाही. काही मेल सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या वेळी ‘नंतर या’ म्हणून तात्पुरता नकार देतात. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. खरा मेल सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो, स्पॅम पाठवणारा बहुधा करत नाही, एवढाच त्यामागचा हिशोब. पण पुन्हा प्रयत्न किती वेळाने होतो? एसएमटीपीचं मानक, आरएफसी ५३२१, दोन प्रयत्नांत निदान ३० मिनिटांचं अंतर ठेवायला सुचवतं. बरेच सर्व्हर त्याआधी प्रयत्न करतात, पण त्यावर विसंबता येत नाही. १५ मिनिटांची लिंक अशा सभासदाकडे पोहोचते तीच संपलेली. तो पुन्हा मागतो, पुन्हा तेच. शेवटी तो मदतकेंद्राला फोन करतो, आणि फोनवरून ओळख पटवून पासवर्ड बदलून देणं हे लिंकपेक्षा कितीतरी धोक्याचं.

६० मिनिटं ठरली. तुलनेसाठी पाहिलं: लॅराव्हेलमध्येही मूळ मुदत ६० मिनिटंच आहे, जँगोमध्ये `PASSWORD_RESET_TIMEOUT` न बदलता तीन दिवस मिळतात. जँगो वापरणाऱ्यांनी ही एक ओळ जरूर बदलावी.

आणखी एक बदल याच अनुषंगाने. टोकन आता वेब विनंतीत बनत नाही, मेल पाठवणाऱ्या वर्करमध्ये बनतं. रांगेत फक्त सभासदाचा क्रमांक जातो. याने दोन गोष्टी साधतात. रांग तुंबली तरी मुदत मेल सोडायच्या वेळेपासूनच मोजली जाते. आणि कच्चं टोकन रांगेत किंवा फसलेल्या कामांच्या टेबलमध्ये पडून राहत नाही. डेटाबेसमध्ये हॅश ठेवायचा आणि शेजारच्या टेबलमध्ये मेलचा पूर्ण मजकूर साठवायचा, याला काही अर्थ नव्हता.

१२ मार्च

सभासदाने घाईत तीनदा ‘मेल पाठवा’ दाबलं तर काय करायचं? नवीन लिंक निघाली की जुन्या रद्द, हा रूढ मार्ग. पण मेल क्रमानेच येतील याची खात्री नसते. माणूस जो पहिला दिसेल तो मेल उघडतो आणि ‘लिंक रद्द झाली आहे’ वाचतो. त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्या कोणी मुद्दाम दर मिनिटाला त्याच्या नावाने विनंती करत राहिलं तर खऱ्या सभासदाच्या हातातली प्रत्येक लिंक मरत राहते.

म्हणून एका खात्याच्या तीनपर्यंत लिंक एकाच वेळी चालू ठेवतो. तीन चालू असतील तर चौथा मेल जातच नाही. यातली कोणतीही एक वापरली की त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये बाकीच्या पुसल्या जातात. सगळ्या लिंक सभासदाच्याच मेलबॉक्समध्ये जातात, त्यामुळे दुसऱ्याने विनंत्यांचा मारा केला तरी त्याच्या हाती काही लागत नाही. सभासदाने ईमेल पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावर गेलेल्या लिंकही लगेच रद्द.

१४ मार्च

आज लिंकच्या पहिल्या भागाकडे, म्हणजे डोमेनकडे पाहिलं. जुना कोड डोमेन विनंतीच्या `Host` हेडरमधून उचलत होता. ते हेडर पाठवणारा हवं ते लिहू शकतो:

```
curl -H 'Host: attacker.example' \
     -d 'email=test@portal.example' \
     https://staging.portal.example/password/forgot
```

टेस्ट मेलबॉक्समध्ये मेल आला. आमच्याच पत्त्यावरून, आमच्याच मजकुरात, सगळ्या सह्या बरोबर, आणि आत लिंक `https://attacker.example/password/reset?token=…` अशी. टोकन मात्र खरं. सभासदाने क्लिक केलं की ते परक्या सर्व्हरच्या लॉगमध्ये जातं.

इथे ४ मार्चचा स्कॅनर पुन्हा आठवला आणि अंगावर काटा आला. या हल्ल्यात सभासदाने क्लिक करायचीही गरज नाही. स्कॅनर चार सेकंदांत स्वतःच ती लिंक उघडतो आणि खरं टोकन परक्याच्या हाती देतो. मेल वाचला जाण्याआधी खातं गेलेलं असतं.

डोमेन आता कॉन्फिगमध्ये पक्कं लिहिलं आहे. वर्करकडे विनंतीच पोहोचत नसल्याने `Host` किंवा `X-Forwarded-Host` तिथे जाऊच शकत नाही. वेब सर्व्हरही अनोळखी नावाची विनंती आता परत पाठवतो.

मेल कुठे जातो हेही तपासलं. फॉर्ममध्ये टाइप केलेल्या पत्त्यावर पाठवायचा नाही, डेटाबेसमधून काढलेल्या पत्त्यावर पाठवायचा. दोन्ही एकच वाटतात, पण तसं नसतं. २०१९ मध्ये जँगोत नेमकी हीच त्रुटी निघाली होती (`CVE-2019-19844`). लहान-मोठी लिपी न बघता पत्ता शोधताना काही युनिकोड अक्षरं साध्या रोमन अक्षरांशी जुळतात. हल्लेखोर तसं अक्षर असलेला स्वतःचा पत्ता टाकतो, शोधात दुसऱ्याचं खातं सापडतं आणि लिंक मात्र टाइप केलेल्या पत्त्यावर, म्हणजे हल्लेखोराकडे जाते.

१९ मार्च

टोकन आणखी कुठे सांडतं ते शोधलं. आमच्या मेल सेवेत क्लिक ट्रॅकिंग चालू होतं. त्यात मेलमधली प्रत्येक लिंक सेवेच्या स्वतःच्या डोमेनची होते आणि क्लिक तिथून फिरून येतं, म्हणजे चालू टोकन त्यांच्या नोंदींत साठतं. रीसेटच्या मेलसाठी ते बंद केलं. रीसेटच्या पानावर आकडेवारी गोळा करणारी बाहेरची स्क्रिप्टही होती. ती पानाचा पूर्ण पत्ता वाचू शकते, म्हणून तीही काढली.

राहिला पत्त्याच्या पट्टीतला टोकन. `GET` आल्यावर टोकन थोड्या वेळाच्या `HttpOnly` कुकीत ठेवायचं आणि टोकन नसलेल्या स्वच्छ पत्त्यावर पाठवायचं, असं केलं. कुकी `SameSite=Strict` ठेवली होती आणि त्यात अख्खी दुपार गेली. पत्त्याच्या पट्टीत लिंक चिकटवली की सगळं सुरळीत. डेस्कटॉपच्या मेल प्रोग्रॅममधूनही सुरळीत. वेबमेलमधून क्लिक केलं की मात्र ‘लिंक अवैध’. वेबमेल ही वेगळी साइट. तिथून सुरू झालेला प्रवास आमच्या साइटवर पुढच्या पानाकडे वळला तरी ब्राउझर तो बाहेरून आलेलाच धरतो आणि `Strict` कुकी पाठवत नाही. `SameSite=Lax` केल्यावर चाललं. ही टेस्ट ज्याने त्याने वेबमेलमधूनच करावी, चिकटवून केलेल्या टेस्टमध्ये हे कधीच दिसणार नाही.

वेब सर्व्हरच्या अॅक्सेस लॉगमधून या पत्त्याची क्वेरी वगळली, पानावर `Referrer-Policy: no-referrer` लावलं. तरी एरर लॉगमध्ये पूर्ण विनंती छापली जाते, तिचा साचा बदलता येत नाही. ती जागा उरली आहे. एरर लॉग बघण्याची परवानगी कमी लोकांपुरती केली आणि बाकी भार ६० मिनिटांच्या मुदतीवर सोडला.

२४ मार्च

पासवर्ड बदलल्यावर काय घडतं ते आज पक्कं केलं. त्या खात्याची सगळी चालू सेशन बंद होतात. लोक बरेचदा कोणीतरी खात्यात शिरल्याचा संशय आला म्हणूनच पासवर्ड बदलतात, तेव्हा आत शिरलेला माणूस तसाच बसून राहिला तर बदलाचा उपयोग नाही. सभासदाला ‘तुमचा पासवर्ड बदलला’ असा मेल जातो, त्यात कोणतीही लिंक नसते. रीसेटनंतर थेट आत घेणं बंद केलं. नवीन पासवर्डने लॉगिन करायचं, आणि ज्यांनी ओटीपी अॅप लावलं आहे त्यांना तोही द्यायचा. आधी रीसेट केलं की ओटीपी विचारला जात नव्हता, म्हणजे मेलबॉक्स मिळाली की दुसरं कुलूप आपोआप निघत होतं.

पत्ता नोंदलेला असो वा नसो, उत्तर आता एकच: ‘हा पत्ता आमच्याकडे असेल तर मेल येईल’. आधी शब्द सारखे असूनही नोंदलेल्या पत्त्याला उत्तर सावकाश यायचं, कारण मेल तिथल्या तिथे पाठवला जायचा. खातं शोधण्याचं कामही वर्करकडे गेल्यापासून वेळेतला फरक दिसत नाही.

३ एप्रिल

नवीन पद्धत चालू करून काही दिवस झाले. नकाराची कारणं आता लॉगमध्ये वेगवेगळी नोंदवतो: मुदत संपली, आधीच वापरली, सापडलीच नाही. सभासदाला मात्र तिन्ही वेळी एकच संदेश आणि नवीन लिंक मागायचं बटण दिसतं. ‘आधीच वापरली’ आता क्वचित येते, आणि आली तर बहुतेक वेळा फॉर्मचं बटण दोनदा दाबलेलं असतं. स्कॅनरच्या भेटी लॉगमध्ये अजूनही पूर्वीइतक्याच दिसतात, पण त्यांनी टोकनला धक्का लागत नाही.

‘मुदत संपली’ हे कारण एकाच मेल डोमेनच्या सभासदांकडून वारंवार येतं आहे. त्यांच्याकडे मेल तासाहून उशिरा पोहोचतो. मुदत वाढवण्याऐवजी आमच्या पाठवणाऱ्या सर्व्हरचा पुन्हा प्रयत्न करण्याचा वेळ कमी करून बघतो आहे, आणि त्यांच्या मेल व्यवस्थापकाला आमचा पत्ता ग्रेलिस्टिंगमधून वगळायला लिहिलं आहे. त्यांच्या उत्तराची वाट बघतो आहे.